मंडळाचा आकडा आणि दहा प्लॉटचा आकडा

सोयाबीन काढणीला आलं की महाराष्ट्रातल्या गावागावांत एक काम सुरू होतं. कृषी सहाय्यक, ग्रामसेवक किंवा तलाठी ठरलेल्या गट नंबरात येतात. सोबत टेप, दोरी, चार खुंट्या आणि वजनकाटा असतो. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभं राहून कागदावर आधीच लिहून आणलेल्या रँडम आकड्यांप्रमाणे लांबीच्या दिशेने इतकी पावलं, रुंदीच्या दिशेने इतकी पावलं चालायचं आणि जिथे पोहोचू तिथे पहिली खुंटी ठोकायची. तिथून १० मीटर बाय ५ मीटरचा चौकोन आखायचा. त्या चौकोनातलं सोयाबीन कापायचं, मळायचं, वजन करायचं आणि पंचांच्या सह्या घ्यायच्या. हा पीक कापणी प्रयोग.

५० चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. त्यामुळे प्लॉटमध्ये ५ किलो दाणा निघाला तर हेक्टरी १,००० किलो, ६ किलो निघाला तर १,२०० किलो असा सोपा हिशोब बसतो. पीक विम्याच्या नियमांत एका महसूल मंडळासाठी मुख्य पिकाचे किमान १० प्रयोग सांगितलेले आहेत. मंडळात पंधरा-वीस गावं असू शकतात आणि सोयाबीनची हजारो शेतं. त्या हजारोंपैकी दहा शेतांत, प्रत्येकी एका खोलीपेक्षा थोड्या मोठ्या तुकड्यात काय पिकलं, यावरून मंडळाचं त्या हंगामाचं उत्पादन ठरतं आणि त्यावरून नुकसानभरपाई मिळणार की नाही, हेही.

संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला पॅरामीटर आणि स्टॅटिस्टिक या दोन गोष्टी शिकवतात. मुलं व्याख्या पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पुढच्याच गणितात एकाच्या जागी दुसरं वापरतात. याचं कारण व्याख्या अवघड आहे असं मला वाटत नाही. पुस्तकातल्या उदाहरणांत दोन आकड्यांपैकी कोणता कुठून आला हे दिसतच नाही, हे खरं कारण आहे. पीक कापणीत ते अगदी स्वच्छ दिसतं.

मंडळातल्या सोयाबीनखालच्या प्रत्येक इंचावरचं पीक कापून, मळून, मोजलं असतं तर हेक्टरी जी सरासरी आली असती, ती एक ठरलेली संख्या आहे. ती कोणी मोजलेली नाही, कोणी मोजणारही नाही, तरी ती आहे. हंगाम संपला की ती बदलत नाही. ज्या सगळ्या गोष्टींबद्दल आपल्याला बोलायचं आहे त्या सगळ्यांना मिळून समष्टी म्हणतात. इथे मंडळातलं सगळं सोयाबीन ही समष्टी, आणि समष्टीचं वर्णन करणारी ती ठरलेली संख्या म्हणजे पॅरामीटर. मराठी पाठ्यपुस्तकांत त्याला प्राचल म्हणतात.

दहा प्लॉटच्या वजनांवरून काढलेली सरासरी ही दुसरी संख्या. ती आपल्या हातात आहे, रजिस्टरमध्ये लिहिलेली आहे. पण रँडम आकडे वेगळे निघाले असते तर वेगळे गट नंबर आले असते, वेगळ्या जागी खुंट्या ठोकल्या गेल्या असत्या आणि सरासरीही वेगळी आली असती. निवडलेल्या दहा प्लॉटना नमुना म्हणतात आणि नमुन्यातल्या आकड्यांवरून जे काही काढता येतं ते स्टॅटिस्टिक. सरासरी हे स्टॅटिस्टिक आहे, तसंच दहांतलं सर्वांत मोठं वजन हेही आणि सर्वांत लहान व मोठ्या वजनांतला फरक हेही. अट एकच: ते काढताना नमुन्याबाहेरची कोणतीही अज्ञात गोष्ट लागता कामा नये.

हा फरक चिन्हांत उतरवण्याची एक रीत आहे. समष्टीच्या संख्यांना बहुधा ग्रीक अक्षरं, नमुन्याच्या संख्यांना रोमन. समष्टीची सरासरी μ (म्यू), नमुन्याची सरासरी x̄ (एक्स बार). समष्टीचं प्रमाण विचलन σ (सिग्मा), नमुन्याचं s. समष्टीत एकूण घटक N, नमुन्यात n. प्रमाणाच्या बाबतीत मात्र बरीच पुस्तकं समष्टीसाठी p लिहितात आणि नमुन्यासाठी त्याच अक्षरावर टोपी चढवून p̂ (पी हॅट). काही पुस्तकं समष्टीसाठी π वापरतात. म्हणून ग्रीक म्हणजे पॅरामीटर हा नियम डोळे झाकून वापरू नये. शंका आली तर विचारायचं, ही संख्या कोणाची? सगळ्या मंडळाची की दहा प्लॉटची? उत्तर मिळालं की चिन्ह आपोआप कळतं.

आता एक हिशोब करू. आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत. समजा एका मंडळात दहा प्रयोगांत मळलेल्या सोयाबीनची वजनं किलोमध्ये अशी आली: ५.२, ६.१, ४.४, ७.०, ३.८, ५.६, ६.५, ४.९, २.७ आणि ५.८. बेरीज ५२.० किलो. दहाने भागल्यावर x̄ = ५.२ किलो, म्हणजे हेक्टरी १,०४० किलो. प्रत्येक वजन सरासरीपासून किती लांब आहे ते काढलं, त्याचे वर्ग केले आणि मिळवले तर १५.२० येतात. त्याला n − १ म्हणजे ९ ने भागून वर्गमूळ घेतलं की s = १.३० किलो, हेक्टरी २६० किलो. ४ किलोपेक्षा कमी देणारे प्लॉट दोन, म्हणून अशा कमी पिकाच्या जागांचं नमुन्यातलं प्रमाण p̂ = ०.२.

तीन स्टॅटिस्टिक मिळाली. त्या प्रत्येकासमोर एक पॅरामीटर उभा आहे: μ, σ आणि p. या तिघांपैकी एकाचीही किंमत आपल्याला माहीत नाही. उत्तरपत्रिकेत सर्रास दिसणारी चूक इथेच होते. मुलं लिहितात, μ = १,०४०. तसं लिहिता येत नाही. x̄ = १,०४० हे विधान बरोबर आहे, कारण ते दहा वजनांबद्दल आहे आणि ती वजनं आपल्यासमोर आहेत. μ बद्दल एवढंच म्हणता येतं की त्याचा आपला अंदाज १,०४० आहे. ते लिहायचं असेल तर अक्षरावर टोपी द्यायची: μ̂ = १,०४०. टोपीचा अर्थ, खालचं अक्षर पॅरामीटरचं आहे, पण ही किंमत नमुन्यातून काढलेली आहे.

या चुकीचं दुसरं रूप पुढच्या सत्रात भेटतं. परिकल्पना चाचणीत मुलं H₀: x̄ = १,१०० असं लिहितात. x̄ तर मोजून झालेला आहे. तो १,१०० आहे का, हे तपासायला चाचणी कशाला हवी? तो १,०४० आहे, प्रश्न संपला. शंका μ बद्दल आहे, म्हणून परिकल्पना नेहमी पॅरामीटरबद्दल मांडायची: H₀: μ = १,१००.

विम्याच्या हिशोबात हा फरक थेट पैशांत दिसतो. विमा योजनेत प्रत्येक क्षेत्रासाठी उंबरठा उत्पन्न ठरलेलं असतं. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेऊन तिला जोखीम स्तराने गुणून ते काढतात. यंदाचं सरासरी उत्पन्न त्याच्याखाली गेलं तर तुटीला उंबरठा उत्पन्नाने भागायचं आणि विमा रकमेने गुणायचं. समजा उंबरठा हेक्टरी १,१०० किलो आणि विमा संरक्षण हेक्टरी ५०,००० रुपये. x̄ = १,०४० असेल तर तूट ६० किलो, म्हणजे ५.४५ टक्के, आणि भरपाई हेक्टरी सुमारे २,७२७ रुपये. आता समजा त्याच मंडळात, त्याच हंगामात, रँडम आकडे वेगळे निघाले असते आणि दुसऱ्या दहा प्लॉटची सरासरी १,१२० आली असती. भरपाई शून्य. तिसऱ्या दहांची ९७५ आली असती तर हेक्टरी सुमारे ५,६८२ रुपये. तिन्ही वेळा शेतात जे पिकलं ते तेच, μ तोच. नुकसान μ मध्ये आहे आणि पैसे x̄ वर मिळतात.

मग x̄ वर विसंबायचं तरी कसं? याचं उत्तर एका छोट्या समष्टीवर बघता येतं, जिथे सगळं आपल्याला माहीत आहे. एका वस्तीवर पाचच शेतं आहेत असं धरू. त्यांची हेक्टरी उत्पादनं क्विंटलमध्ये ६, ८, १०, १२ आणि १४. क्षेत्र सगळ्यांचं सारखं. इथे μ = १० हे आपण थेट मोजू शकतो. आता असं समजू की हे कोणाला ठाऊक नाही आणि पाचांपैकी दोनच शेतांत प्रयोग करायचा आहे. पाचांतून दोन निवडण्याचे दहा प्रकार आहेत. त्यांच्या सरासऱ्या येतात ७, ८, ९, १०, ९, १०, ११, ११, १२ आणि १३. हे एकदा वहीत स्वतः मांडून पाहावं, असं मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगेन.

त्या दहा सरासऱ्यांकडे नीट बघा. बरोबर १० हे उत्तर दहापैकी दोनदाच येतं. उरलेल्या आठ वेळा स्टॅटिस्टिक चुकतं, कधी तीन क्विंटलने. पण या दहाही सरासऱ्यांची बेरीज १०० आहे आणि त्यांची सरासरी १०, म्हणजे नेमका μ. एकटा x̄ कुठेही पडो, सगळे शक्य x̄ मिळून μ भोवतीच जमतात. ज्या स्टॅटिस्टिकचं असं होतं त्याला अनबायस्ड म्हणतात. x̄ वरचा विश्वास या गुणावर उभा आहे. तो हातातल्या एका आकड्याचा गुण नाही, आकडा ज्या पद्धतीने आला त्या पद्धतीचा आहे. खुंटी कुठे ठोकायची ते कृषी सहाय्यकाच्या मनावर न सोडता रँडम आकड्यांवर सोडलेलं असतं, ते यासाठीच. शेताच्या बांधाजवळची सोयीची जागा निवडली तर वरच्या दहा सरासऱ्यांपैकी काहींना संधीच मिळणार नाही आणि बेरीज १०० राहणार नाही.

s काढताना n ऐवजी n − १ ने का भागायचं, हेही याच पाच शेतांवर तपासता येतं. समष्टीचं व्हेरिअन्स काढताना μ माहीत आहे, म्हणून सरळ N ने भागतो: μ पासूनच्या अंतरांचे वर्ग १६, ४, ०, ४, १६, त्यांची बेरीज ४०, आणि σ² = ८. आता पाच चिठ्ठ्या डब्यात टाका. एक काढा, आकडा लिहा, चिठ्ठी परत टाका आणि दुसरी काढा. असे २५ नमुने होतात. प्रत्येकात n − १ म्हणजे १ ने भागून s² काढलं तर २५ किमतींची सरासरी बरोबर ८ येते. n म्हणजे २ ने भागलं तर ती ४ येते, खऱ्याच्या निम्मी. कारण असं की नमुन्यातली अंतरं आपण μ पासून मोजत नाही, तो माहीतच नसतो. आपण ती x̄ पासून मोजतो, आणि x̄ हा त्याच आकड्यांच्या मधोमध बसलेला असल्याने अंतरं थोडी आखूड येतात. n − १ ती उणीव भरून काढतो. म्हणून σ आणि s यांत अक्षराबरोबर सूत्रही बदलतं. कॅल्क्युलेटरवर दोन वेगळी बटणं असतात ती याचमुळे. हातातला आकड्यांचा संच समष्टी आहे की नमुना, हे ठरवल्याशिवाय कोणतं बटण दाबायचं हे कळणारच नाही.

आता आपल्या मंडळाकडे परत येऊ. तिथे सगळे शक्य नमुने मांडणं शक्य नाही, पण x̄ किती हलतो याचा अंदाज एका नमुन्यातूनच येतो. s ला √n ने भागायचं: २६० भागिले √१० म्हणजे सुमारे ८२ किलो. याला स्टँडर्ड एरर म्हणतात. याचा अर्थ वेगळे दहा प्लॉट निघाले असते तर x̄ सहज ८०-८५ किलोने इकडे-तिकडे झाला असता, आणि दुप्पट अंतरावर जाणंही फार नवलाचं नसतं. १,०४० आणि उंबरठ्याचे १,१०० यांत अंतर ६० किलोचंच आहे. एवढ्या नमुन्यावरून μ उंबरठ्याच्या खाली आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. (प्रत्यक्षात आधी गावं, मग गट नंबर, मग प्लॉट अशी टप्प्याटप्प्याने निवड होते, त्यामुळे खरं सूत्र याहून थोडं वेगळं असतं. विचार हाच.)

इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. २६० आणि ८२ हे दोन्ही किलोचेच आकडे आहेत, पण २६० सांगतो की एक प्लॉट दुसऱ्या प्लॉटपेक्षा किती वेगळा असतो, आणि ८२ सांगतो की एक x̄ दुसऱ्या x̄ पेक्षा किती वेगळा असेल. प्रयोग १० ऐवजी ४० केले तर २६० च्या आसपासचा आकडा तसाच राहील, कारण जमिनीजमिनीतला फरक प्रयोग वाढवल्याने कमी होत नाही. ८२ चे मात्र ४१ होतील.

इथवर आलं की वाटतं, प्रयोग वाढवत गेलं की x̄ आपोआप μ ला जाऊन मिळेल. ते तसं नाही, आणि हे ज्यांनी दाखवून दिलं त्यांतलं मोठं नाव सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं आहे. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आणि पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकून सुखात्मे दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राचं काम पाहत होते. त्या काळात पिकांचे अंदाज कसे घ्यावेत यावर देशात जोरदार वाद चालू होता. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३७ पासून बंगालमध्ये ज्यूटची नमुना पाहणी उभी केली होती आणि पीक कापणीसाठी त्यांचा कल लहान, गोलाकार प्लॉटकडे होता. लहान प्लॉट चटकन कापून होतो, तेवढ्याच पैशांत जास्त ठिकाणी जाता येतं, n वाढतो. s/√n या सूत्राकडे पाहिलं तर हे म्हणणं पटण्यासारखं आहे.

सुखात्मे यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात लहान प्लॉटमधल्या बायसबद्दल लिहिलं. त्यांनी वेगवेगळ्या आकारांचे प्लॉट कापून त्यांतून येणाऱ्या हेक्टरी उत्पादनांची तुलना केली होती. कापणी नीट झाली असेल तर प्लॉट लहान असो वा मोठा, सरासरी साधारण सारखीच यायला हवी. प्रत्यक्षात सगळ्यांत लहान प्लॉटमधून सरासरी लक्षणीय जास्त येत होती, आणि प्लॉट मोठा होत गेला की हा फुगवटा ओसरत होता.

असं का होतं, ते प्लॉटच्या कडेला बसून पाहिलं तर कळतं. दोरी ताणली की काही रोपं अगदी दोरीवर येतात. बुंधा आत की बाहेर हे सांगता येत नाही. कापणारा माणूस ते रोप बहुतेक आत घेतो. पीक सोडून देण्यापेक्षा घेण्याकडे हात वळतो. समजा यामुळे कडेला चारही बाजूंनी ५ सेंटीमीटरची पट्टी जास्त कापली गेली. १० बाय ५ मीटरच्या चौकोनाऐवजी १०.१ बाय ५.१ मीटर कापलं गेलं, म्हणजे ५० ऐवजी ५१.५१ चौरस मीटर. चूक ३ टक्के. आता ६० सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ घ्या. तीच ५ सेंटीमीटरची पट्टी, त्रिज्या ६५ झाली, क्षेत्रफळ १७ टक्क्यांनी वाढलं. माणूस तोच, विळा तोच, चूक तेवढीच. पण लहान आकारात क्षेत्राच्या मानाने कड लांब असते.

आता या १७ टक्क्यांवर n चा काही परिणाम होतो का ते बघा. μ = १,००० किलो असेल तर असे लहान गोल कापून काढलेले सगळे शक्य x̄ १,१७० च्या भोवती जमतील. १० प्लॉट कापले तर ते तिथे विरळ पसरतील, १०,००० कापले तर घट्ट जमतील. स्टँडर्ड एरर लहान होत जाईल, आकडा जास्त जास्त खात्रीचा वाटत जाईल आणि तो १,००० पासून तितकाच दूर राहील. नमुन्यातल्या आकड्यांकडे कितीही निरखून पाहिलं तरी हा दोष दिसत नाही. s मध्ये त्याचा मागमूस नसतो. तो दिसतो तो सुखात्मे यांनी केलं तसं केल्यावरच: त्याच शेतांत वेगळ्या आकाराचा मोठा प्लॉट कापा आणि दोन सरासऱ्या शेजारी ठेवा.

महालनोबिस यांची बाजूही कमकुवत नव्हती. कडेच्या रोपांचे नियम नीट ठरवले, माणसं शिकवून तयार केली तर ही चूक आटोक्यात राहते आणि लहान प्लॉटचे बाकीचे फायदे मिळतात, असा विचार त्यामागे होता. माझं मत सुखात्मे यांच्याकडे झुकतं, कारण हे काम गावोगावी ज्यांना करायचं असतं त्यांच्याकडे इतर दहा कामं असतात, आणि पद्धत अशी हवी की थोडी हयगय झाली तरी आकडा फार बिघडू नये. आज ५० चौरस मीटरच्या प्लॉटवर उभं राहिलं की तो आकार कुठून आला, हे या वादामुळे समजतं.

पॅरामीटर म्हणजे सगळं मोजून काढलेली संख्या, असं म्हणताना आणखी एक खाच आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातलं साक्षरतेचं प्रमाण ८२.३ टक्के आलं. घराघरांत जाऊन सगळ्यांना विचारलं, म्हणून हे p, आणि एखाद्या नमुना पाहणीतून आलेलं तेच प्रमाण p̂. पण जनगणना झाल्यावर तिची तपासणी करणारी एक वेगळी नमुना पाहणी होते. २०११ च्या त्या पाहणीत देशभरात दर हजारी सुमारे २३ माणसं मोजायची राहून गेली असं दिसलं. म्हणजे सगळ्यांना मोजण्याच्या कामात किती सुटलं, हे एका स्टॅटिस्टिकने सांगितलं. पॅरामीटर ही सगळी समष्टी बिनचूक मोजल्यावरची संख्या. प्रत्यक्ष मोजणी तिच्या जवळ जाते, ती असतेच असं नाही.

समष्टी कोणती हेही आधी ठरवावं लागतं, नाहीतर पॅरामीटर एक की दोन हेच कळत नाही. मंडळातल्या सगळ्या शेतांची सरासरी घ्यायची की सगळ्या हेक्टरांची? अर्ध्या एकराचं शेत आणि वीस एकरांचं शेत यांना सारखं मोजलं तर एक μ येतो, क्षेत्राप्रमाणे वजन दिलं तर दुसरा. मोठ्या शेतांत पाणी आणि खत वेगळं असेल तर दोन्हींत बराच फरक पडतो. दोन्ही पॅरामीटरच आहेत, पण विम्याला आणि राज्याच्या एकूण उत्पादनाच्या अंदाजाला लागतो तो दुसरा.

पुढे सँपलिंगचा पेपर आला की विद्यार्थ्यांना आणखी एक चिन्हपद्धती भेटते. त्या शाखेची भारतीय पुस्तकं, त्यांत सुखात्मे यांचं १९५४ चं सँपलिंगवरचं पुस्तकही, समष्टीसाठी मोठं अक्षर आणि नमुन्यासाठी लहान अक्षर वापरतात. समष्टीची सरासरी Ȳ, नमुन्याची ȳ. शिवाय समष्टीच्या व्हेरिअन्ससाठी तिथे S² असतं आणि ते N − १ ने भागलेलं असतं. आपल्या पाच शेतांसाठी σ² = ८ पण S² = १०. चिठ्ठी परत न टाकता काढलेल्या दहा जोड्यांच्या s² ची सरासरी काढून बघा. ती बरोबर १० येते, म्हणून त्या शाखेला S² सोयीचं पडतं. फळ्यावर मोठा S दिसला की तो लहान s चाच प्रकार असावा असं मानून पुढे जाऊ नये.

राहिला तो शेतकरी ज्याच्या प्लॉटमधून २.७ किलो निघालं. त्याच्या शेतात हेक्टरी ५४० किलोच पिकलं असेल, तरी त्याची भरपाई १,०४० वरच ठरते, आणि शेजारच्या ७ किलोवाल्यालाही हेक्टरी तेवढीच मिळते. दहांतलं एक वजन, x₉, μ ही नाही आणि x̄ ही नाही. ‘आमच्या शेतात काही आलं नाही, मग एवढेच पैसे का’ असं तो विचारतो तेव्हा त्याच्या मनात त्याच्या शेताचा आकडा असतो आणि योजनेने मोजायला घेतलेला असतो मंडळाचा. म्हणून शेतकऱ्यांकडून मागणी येते की विमा क्षेत्र लहान करा, मंडळाऐवजी ग्रामपंचायत धरा. मागणी रास्त आहे. ग्रामपंचायतीचा μ त्याच्या शेताच्या जास्त जवळचा असेल. पण नियमांत ग्रामपंचायतीसाठी प्रयोग किमान ४ आहेत. प्लॉटप्लॉटमधला फरक मंडळाइतकाच, हेक्टरी २६० किलो राहिला तर स्टँडर्ड एरर २६० भागिले √४ म्हणजे १३० किलो होतो. गाव लहान असल्याने जमिनी सारख्या निघाल्या आणि s निम्मं, १३० झालं, तर तो ६५ वर येतो आणि क्षेत्र लहान केल्याचा दोन्हीकडून फायदा होतो. कोणत्या पिकासाठी, कोणत्या भागात यांतलं काय खरं ठरतं, हे मागच्या हंगामांतल्या प्रयोगांची वजनं गावनिहाय मांडून काढता येईल. ती वजनं रजिस्टरमध्ये आहेत.